कुंडलच्या लीलाबाईची लिंबोणी

लीलाबाई फलटणकडची. सून म्हणून कुंडलात आली तेव्हा तिला कोणी विचारलं असतं, की बाई गं, तुला काय येतं, तर ती म्हणाली असती, भाकरी येते, खुरपं येतं, बाकी काही येत नाही. आणि ते खरंच होतं. पुढं ज्या गोष्टीसाठी गल्लीतल्या बायका आपापल्या परसातनं तिला हाका मारायला लागल्या, ती गोष्ट तिला कुणी शिकवली नव्हती. ती तिनं एका आषाढात स्वतःच्या डोळ्यांनी शिकून घेतली.

घरात माणसं दोनच. ती आणि तिची सासू बनुबाई. नवरा कृष्णात पलटणीत होता, आणि पलटण ब्रह्मदेशात. साल चव्वेचाळीस. जायच्या आधी कृष्णातनं परसात न्हाणीच्या पाण्यावर कागदी लिंबाचं एक रोप लावलं होतं. हातातली माती झटकत तो आईला सहज बोलून गेला, "आये, ही लिंबोणी हिरवी हाय तवर मी बरा हाय असं समज."

आता पोरं जाताना काहीबाही बोलतातच. आईचा जीव हलका व्हावा म्हणून बोलतात. पण बनुबाईनं ते शब्द गाठीला बांधले. बाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, समोरचं माणूस सावलीसारखं दिसायचं, तरी रोज सकाळी देवाला हात जोडायच्या आधी ती लिंबोणीला हात लावून यायची. पानं चाचपायची. चार महिने टपालवाला दारावरनं नुसता पुढं जात होता. पत्र नाही, निरोप नाही. तेवढ्या चार महिन्यांत ती पानंच बनुबाईला पत्र झाली होती.

झाड कमरेएवढं झालेलं. पहिल्या पावसानं त्याला कोवळी तांबूस पालवी फुटली, आणि त्या पालवीवर साळुंक्यांनी घाण केलेली लीलाबाईला दिसली. काळपट, मधे पांढरा डाग. पाऊस धुऊन नेईल म्हणून तिनं सोडून दिलं. इथंच ती फसली, पण तिला ते कुठून कळणार?

मग तिचे बाहेर बसायचे दिवस आले. शेतकऱ्याच्या घरात चार दिवस कोपऱ्यात बसून कुणाला परवडतं? भांगलण चालायची, शेणघाण चालायची. पण देव, पाण्याची घागर, लोणच्याची बरणी आणि लिंबोणी शिवायची नाही. बाईच्या विटाळानं लिंबोणी वाळते, हे तिकडं लहान पोरीलाही ठाऊक. लीलाबाई चार दिवस गोठ्यातल्या पडवीला निजली आणि पाचव्या दिवशी न्हाऊन घरात आली, तर बनुबाई परसात झाडाजवळ मटकन बसलेली.

झाडावर पानं नव्हती. बुडाची जून पानं आठ-दहा राहिली असतील, बाकी फांद्यांना नुसत्या मधल्या शिरा आणि काटे. आदल्या सांजेला निम्मं झाड तरी हाताला लागलं होतं, असं बनुबाई म्हणत होती. एका रात्रीत उरलेलंही गेलं.

बनुबाई रडली नाही. ती हळू आवाजात बोलली, आणि त्याचीच लीलाबाईला जास्त भीती वाटली.

"लीले, तू झाडाला शिवलीस?"

लीलाबाई म्हणाली, "न्हाई, आत्याबाई."

हे खोटं होतं. पहिल्या दिवशी सकाळी पोटात कळ आली, मळमळलं, तेव्हा तिनं एक पान तोडून चुरगाळून हुंगलं होतं. बाहेर बसायची वेळ आलीय हे तिला त्यानंतर घटकाभरानं कळलं. म्हणजे पाप झालं की नाही झालं? चार दिवस गोठ्यात ती याच विचारानं सुकत होती. आता समोर उघडं झाड बघून तिला वाटलं, झालं. आपल्या हातानं झाड गेलं, आणि झाडाबरोबर तिकडं ब्रह्मदेशात...  पुढचं तिनं मनातसुद्धा म्हटलं नाही.

बनुबाईनं निकाल दिला. "नागपंचमीला तुझा भाऊ न्यायला येतोय. जा. आन कृष्णात येऊस्तवर हिकडं येऊ नगंस. माझ्या लेकाचं झाड मी बघीन."

नवरा लढाईवर, पत्राचा पत्ता नाही, आणि झाड वाळवलं म्हणून सासूनं माहेरी पाठवलेली बाई. फलटणला तिच्याकडं लोक कसे बघतील हे काय सांगायला पाहिजे? ती बाई आयुष्यभर त्या नावानं ओळखली गेली असती. लीलाबाईनं पदर डोळ्याला लावला, मग काढला आणि म्हणाली, "पंचमीला महिना हाय, आत्याबाई. तवर मला झाडाचं करू द्या. पालवी आली आन ऱ्हायली, तर मला ठिवा."

बनुबाई गुडघ्याला हात देत उठली आणि घरात गेली. नाही म्हटलं नाही, म्हणजे त्या घरात तो होकारच.

शेजारची रंगुबाई चार पावसाळे जास्त बघितलेली बाई. ती येऊन झाड बघून म्हणाली, "इटाळ कसला गं? किड्यानं खाल्लंय. ह्या बघ लेंड्या." खरंच बुडाशी मिरीएवढ्या काळ्या लेंड्यांचा सडा होता. पण किडा काही दिसेना. लीलाबाईला वाटलं, मातीतनं चढत असणार. तिनं खोडाभोवती चुलीतल्या राखेचं जाड आळं केलं, खोडाला राख चोपडली. पाऊस राख धुऊन न्यायचा, ती परत घालायची. दोन वेळा, तीन वेळा. दहा दिवसांत झाडाला नवी पालवी फुटली, आणि लीलाबाईचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच पालवीवर परत साळुंकीची घाण.

या खेपेला ती पाखरांवर चिडली. ओल्या फडक्यानं पान पुसायला गेली, आणि घाण चालायला लागली.

लीलाबाईनं हात आखडून घेतला. मग खाली वाकून बघत राहिली. नखाएवढी अळी होती ती. पाठीवर हुबेहूब पाखराच्या विष्ठेचा रंग, तसाच ओला चकाकता, तसाच मधे पांढरा पट्टा. कोणतं पाखरू तिला खायला जाईल? आपलीच घाण कोण चोचीत घेतं? लीलाबाईला आपल्या डोळ्यांची लाज वाटली आणि त्याहून जास्त, ज्यानं कुणी हे घडवलं होतं त्याचं मोठं नवल वाटलं. पंधरा दिवस तिच्या देखत ही जात पानं खात होती आणि ती सोडून देत होती.

मग एकदा डोळा बसला आणि एकेक सापडायला लागली. मोठ्या झालेल्या अळ्यांनी रंग बदललेला होता, पानासारखा हिरवागार, बोटाएवढ्या, अंगावर तिरके पट्टे. डहाळीला चिकटून बसल्या की बोट लागल्याशिवाय कळत नव्हतं. एकीला तिनं चिमटीत धरलं तर डोक्यामागनं एकदम नारिंगी शिंगं बाहेर आली, दोन, ओली, आणि लिंबाचा कुजका उग्र वास सुटला. लीलाबाईनं अळी टाकून दिली आणि दोन पावलं मागं सरली. कोंबडीसमोर टाकली तर कोंबडीनं चोच मारली, शिंगं बघितली आणि तीही मागं सरली. लीलाबाईला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. म्हणजे घाबरणारी ती एकटी नव्हती.

रिठ्याचं पाणी भरलेला डबा घेऊन ती रोज सकाळ-सांज वेचायला लागली. पण सकाळी झाड साफ करावं आणि परवा परत तीळभर अळ्या. राखेच्या आळ्यावर एक पाऊल नाही, एक रेघ नाही. मग येतात कुठनं? तिनं आपलं जुनं, विरलेलं लुगडं काढलं, झाडावर घातलं आणि बुडाशी सुतळीनं करकचून बांधलं. आता या म्हणावं.

पाच दिवसांनी लुगडं सोडलं तर आत पालवीचा फडशा पडलेला. बाहेरच्यापेक्षा जास्त. तिथं मोठ्या हिरव्या अळ्या टिपायला ना साळुंकी पोचत होती, ना गांधीलमाशी. लीलाबाईनं आपल्याच हातानं अळ्यांना घर करून दिलं होतं, छप्पर घालून दिलं होतं. ती तिथंच खाली बसली. पंचमीला अकरा दिवस उरले होते.

त्या सकाळी ती रानात गेली नाही. गोठ्याच्या मेढीला टेकून नुसती झाडाकडं बघत बसली. आणि तिच्या कानाशेजारी काहीतरी हललं. मेढीवर एक वाळक्या पानासारखी वस्तू होती, कमरेला रेशमाचा एक धागा बांधून लाकडाला टेकवून ठेवावी तशी. ती वस्तू पाठीवर उकलली. आतनं एक ओलं, चुरगाळलेलं काहीतरी बाहेर आलं, वर चढलं, लटकलं, आणि लीलाबाईच्या समोर त्याचे पंख हळूहळू पसरत गेले. काळे, वर पिवळ्या ठिपक्यांची नक्षी, खाली एकेक तांबडा टिळा. घटकाभर ते वाळत बसलं. रिकाम्या खोळीच्या बुडाशी अळीची वाळलेली कात चिकटून होती, आणि त्या कातीवरचे तिरके पट्टे लीलाबाईच्या ओळखीचे होते.

ज्याला ती रोज रिठ्याच्या पाण्यात बुडवत होती ते हे होतं. ज्याच्या मागं लहानपणी फलटणला ती शेवंतीभोवती पळायची तेही हेच होतं. तिला हात जोडावेसे वाटले आणि तिनं जोडलेही, कोण बघतंय? ते उडून जायच्या आधी ती त्याला मारू शकली असती. तिच्यानं झालं नाही.

पण आता तिला कुठं बघायचं ते कळलं होतं. खाली मातीत नाही, वर.

दोन दिवस ती ऊन पडलं की परसात बसायची. तिसऱ्या दिवशी तसंच एक फुलपाखरू भिंतीवरनं आलं. फुलावर बसावं तसं बसेना. लिंबोणीच्या कोवळ्या शेंड्याशी थरथरत राहिलं, पाय टेकवले न टेकवले, शेपटाकडचा भाग पानाला लावला, आणि गेलं दुसऱ्या शेंड्याकडं. पाखरू गेल्यावर लीलाबाईनं पान उलटं केलं. मोहरीहून बारीक, पिवळसर, गोल, एकच मणी. नुकता ठेवलेला. एका पानाला एक, दोन नाहीत, जसं की पोरांनी एकमेकांच्या ताटातलं खाऊ नये म्हणून आईनं वाटणी करून ठेवावी.

केवढं ते गणित आणि केवढीशी ती आई. लीलाबाईला राखेचं आळं आठवलं आणि कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. पंखावर येणाऱ्याला राख काय करणार? आणि लुगडंही चुकलं नव्हतं, तिनं ते अंडी आत ठेवून बांधलं होतं, एवढंच.

रंगुबाईला तिनं पान दाखवलं. रंगुबाईनं डोळे बारीक केले, पान दूर धरलं, जवळ धरलं. "लोकं तंबाखू उकळून मारत्यात," ती म्हणाली, "पर ते जहर हाय. हातानं बी भिनतं, चक्कर येती. आपल्याला त्या झाडाचं लिंबू खायाचंय. ही घे." तिनं उतरंडीतनं कडुलिंबाच्या वाळल्या लिंबोळ्यांचं गाडगं काढलं. लहानपणी तिनं टोळधाड बघितली होती. शिवार काळं झालं, पण बांधावरच्या कडुलिंबाला एक टोळ लागला नाही, हे ती अजून सांगायची.

लीलाबाईनं लिंबोळ्यांच्या बिया कुटल्या, फडक्यात पुरचुंडी बांधून पाण्यात भिजत घातल्या. दुसऱ्या दिवशी पिळल्या तर दुधासारखं कडू पाणी निघालं. त्यात थोडं रिठ्याचं पाणी, पानाला धरून राहावं म्हणून. ऊन कलल्यावर केरसुणीच्या झुबक्यानं तिनं ते पानांच्या पोटाला आणि पाठीला शिंपडलं. अळ्या पटकन मेल्या नाहीत. त्या खायच्या थांबल्या, आणि दोन-तीन दिवसांत सुस्त होऊन गळल्या. तोवर तिनं पान न् पान उलटून अंडी पुसली होती. मग चार काठ्या रोवून त्यावर लुगडं ताणलं, पानांना टेकणार नाही असं, कारण टेकलं तर ते पाखरू कापडावरनंही अंडं ठेवून जाईल, हे आता तिला ठाऊक झालं होतं. कडा मातीत पुरल्या. झाडाला परत पालवी आली, आणि या खेपेला राहिली. आठवड्यानं, पावसानं औषध धुतल्यावर, परत शिंपडायचं ठरवून लीलाबाई जरा नीट जेवली.

पंचमी चार दिवसांवर आली, आणि लीलाबाईचे बाहेर बसायचे दिवसही आले.

त्याच दुपारी वारं सुटलं, एक काठी मोडली आणि लुगड्याची कड फाटून वर झाली. लीलाबाई गोठ्यातनं बघत होती. पाऊस थांबला, ऊन पडलं आणि काळं-पिवळं पाखरू आत शिरलं. एका शेंड्यावर, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. तिला झाडाला शिवता येत नव्हतं. रंगुबाई लेकीच्या बाळंतपणाला शिरवळला गेलेली.

"आत्याबाई," तिनं गोठ्यातनं हाक मारली, "पाखरू बसलंय. पानांमागं पिवळे मणी असत्याल, तेवढे पुसून काडा."

बनुबाई झाडाशी गेली. लुगडं बाजूला सारून एकेक पान उलटं करून बोटानं चाचपायला लागली. "ह्ये हाय का?"

"न्हाई, ती कळी हाय. सोडा, तोडू नगा."

"मग ह्ये?"

"त्यो काटा हाय, आत्याबाई."

बनुबाईच्या बोटाला रक्त आलं. कोवळा एक शेंडा तिच्या हातात मोडून आला. ती तो शेंडा हातात घेऊन उभी राहिली. तिला मणी दिसत नव्हते. ज्या झाडानं तिला लेकाची खुशाली सांगावी, त्या झाडाचं मरण तिच्या बोटांना कळत नव्हतं, आणि ज्या डोळ्यांना कळत होतं ते डोळे विटाळात होते. गोठ्यात लीलाबाई मान खाली घालून बसली. मागायचं कसं? तिला माहीत होतं, हे तिनं मागायचं नसतं.

बनुबाईनं आणखी एक पान उलटं केलं, चाचपलं आणि सोडलं. पाखरू तिच्या हाताजवळनं उडत होतं, तिला ते दिसलंही नसावं. मग ती म्हणाली, "लीले, हिकडं ये."

लीलाबाई उठली, चार हातांवर येऊन थांबली.

"तिथं का ऱ्हायलीस? ये. लाव हात."

"आत्याबाई, मी..."

"मला दिसत न्हाई, तुला दिसतंय. हात लाव म्हणते न्हवं."

लीलाबाईनं हात लावला. तिनं अठरा अंडी पुसली, दोन तीळभर अळ्या टिपल्या. बनुबाई शेजारी उभी राहून लुगडं धरून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सासू झाडाशी आली आणि पानं चाचपली. ती हिरवी होती. तिसऱ्या दिवशी चाचपली. हिरवी होती. चौथ्या दिवशी तिनं चाचपायचं सोडून दिलं आणि म्हणाली, "लीले, बघ गं, काय हाय का."

पंचमीला भाऊ अर्जुना न्यायला आला. बनुबाईनं त्याला भाकरी वाढली आणि सांगितलं, "ने. पर तिसऱ्या दिशी आणून घाल. लिंबोणी तिच्यावर हाय." लीलाबाईनं चुलीकडं तोंड फिरवलं. धुराचं निमित्त होतं म्हणून बरं.

पत्र आलं ते पुढच्या महिन्यात. टपालवाल्यानंच वाचून दाखवलं. कृष्णातनं तारीख घातली होती, आणि ती आषाढातल्या त्याच आठवड्याची होती, ज्या आठवड्यात झाड उघडं पडलं. मी खुशाल आहे, असं लिहिलं होतं. भात खाऊन अंगानं भरलो आहे, जुना सदरा होत नाही.

बनुबाईनं ते दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाली, "हितं झाडाला एक पान न्हवतं, आन ह्यो तिकडं जाडा हुत हुता व्हय." आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली, की हसता हसता रडायला लागली.

लीलाबाई तेव्हा गोठ्याच्या पडवीत होती, बाहेर बसलेली. तिला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. ती म्हणाली, "आत्याबाई, मी तवा खोटं बोलले. त्या सकाळी मी पान तोडलं हुतं. पोटात कळ आल्ती."

बनुबाईचं हसणं-रडणं थांबलं. ती उठली, भिंत धरून परसात गेली. लिंबोणीशी म्हातारीनं दोन-चार पानं चाचपली, एक चांगलं मोठं निवडलं आणि देठासकट खुडलं. गोठ्यापर्यंत येऊन तिनं ते आपल्या खरखरीत बोटांनी चुरगाळलं आणि सुनेच्या नाकाशी धरलं.

"आज बी दुखत असंल," ती म्हणाली. "हुंग."